गरोदरपणात चालणं, व्यायाम आणि शेतकाम: खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या गरोदर बायका, त्यांचे नवरे आणि कधी कधी सासूबाईसुद्धा जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी आरोग्यसेविका म्हणून काम करते. त्यामुळे उत्तरं देताना आपल्याकडचं ऊन, कापसाची वेचणी आणि डोक्यावरचा हंडा या गोष्टी डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. तुम्हाला आत्ता या क्षणी काही त्रास होत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ७ वाचा.

१. पहिले तीन महिने चालू आहेत. चालल्याने, व्यायाम केल्याने गर्भ पडत नाही ना?

नाही. गरोदरपण सुरळीत असेल तर चालण्याने किंवा बेताच्या व्यायामाने गर्भ पडत नाही. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात, त्यांतल्या साधारण निम्म्यांचं कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असतं. ते गर्भ रुजतानाच ठरलेलं असतं आणि आईने काय उचललं, किती जिने चढले याच्याशी त्याचा संबंध नसतो. हे मुद्दाम लिहिते, कारण गर्भ पडल्यावर बाई महिनोन्‌महिने स्वतःला दोष देत बसते आणि घरातलेही तिच्या चालण्याफिरण्यावर बोट ठेवतात.

पहिल्या तीन महिन्यांत मळमळ आणि थकवा इतका असतो की काही दिवस अंथरुणातून उठवत नाही. त्या दिवसांत व्यायाम राहिला तर राहू द्या, काही बिघडत नाही. मात्र अंगावरून लाल किंवा तपकिरी जात असेल, तर तपासणी होईपर्यंत व्यायाम बंद.

२. रोज किती चालायचं? मला आधी चालायची सवय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली शारीरिक हालचालींचे जे निकष दिले, त्यांत गरोदर बायकांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं बेताचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. हा अर्धा तास सलग हवा असं नाही. सकाळी दहा मिनिटं, दुपारच्या जेवणानंतर घरातल्या घरात दहा आणि संध्याकाळी दहा, असंही चालतं.

सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात रोज दहाच मिनिटं चाला. त्रास झाला नाही तर पुढच्या आठवड्यात पंधरा, मग वीस. गरोदरपणात पहिल्यांदाच व्यायाम सुरू केला म्हणून नुकसान होत नाही, नुकसान होतं ते पहिल्याच दिवशी हौसेने तासभर चालण्याने. चप्पल सपाट आणि मागे पट्टा असलेली घाला. पोट पुढे आलं की शरीराचा तोल बदलतो, सांधेही सैल होतात आणि साध्या स्लीपरमध्ये पाय सहज मुरगळतो. कॅनॉलच्या कडेने किंवा बांधावरून चालण्यापेक्षा शाळेचं मैदान बरं.

३. वेग किती ठेवायचा? घड्याळात नाडी मोजते ते बघून चालू का?

नाडीच्या आकड्यावर जाऊ नका. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं आणि नुसतं बसलेलं असतानाही नाडी मिनिटाला दहा-वीस ठोक्यांनी जास्त चालते. म्हणून एरवीचे आकडे इथे फसवतात.

सोबत नणंद, जाऊ, शेजारीण कुणीतरी घ्या आणि बोलत चाला. पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणायला गेलं तर दम पुरू नये. हा वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करा. सहज गाणं म्हणता येत असेल तर थोडं झपाझप चाला. एकट्याच चालत असाल तर हलक्या आवाजात स्वतःशीच बोलून बघा, लोक काय म्हणतील याची काळजी करू नका.

४. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. उन्हाळ्यात चालायचं की बंद करायचं?

बंद करू नका, पण वेळ आणि जागा बदला. भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात सकाळी साडेनऊलाच ऊन बोचायला लागतं. म्हणून सकाळी सातच्या आत चालणं उरका. संध्याकाळी सूर्य मावळला म्हणून लगेच निघू नका, डांबरी रस्ता आणि पत्रे तासभर तरी गरम वाफ सोडत असतात. रात्रीही गरम वारं चालू असेल तर घरातल्या घरात, पंख्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाला. ते चालणंही धरलं जातं.

उन्हाची एवढी धास्ती का, तेही समजून घ्या. सुरुवातीच्या आठवड्यांत आईच्या शरीराचं तापमान फार वाढलं, 39 अंश सेल्सिअसच्या वर गेलं, तर बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीत दोष राहण्याचा धोका वाढतो. नंतरच्या महिन्यांत दुसरा त्रास असतो. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की चक्कर येते आणि गर्भाशय आकुंचन पावायला लागतं, म्हणजे पोट टणक होतं. ते कसं ओळखायचं हे प्रश्न ६ मध्ये सविस्तर आहे.

पाणी पुरेसं पोटात जातंय का, हे लघवीच्या रंगावरून कळतं. फिकट असेल तर ठीक. गडद पिवळी झाली तर त्या दिवशी व्यायाम नको, आधी पाणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. निर्जळ उपवास किंवा रोजा असेल त्या दिवशीही व्यायाम करू नका.

५. दिवसभर घरकाम आणि शेतातलं काम करते. तोच व्यायाम झाला ना?

थोडा झाला, पण सगळा नाही. काही वेळा तर त्या कामानंतर व्यायामाची नाही, विश्रांतीची गरज असते.

कापसाची वेचणी घ्या. बाई सकाळपासून ओळीत उभी असते. खालच्या बोंडांसाठी कमरेत वाकते आणि कमरेला पुढे बांधलेली झोळी भरत जाते. पोटाचं वजन आधीच पुढे, त्यात झोळीचं वजनही पुढेच. सगळा ताण पाठीच्या खालच्या भागावर येतो. चालताना पिंढऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की रक्त पायात साचतं. म्हणून वेचणीहून आलेल्या बाईची कंबर मोडलेली असते आणि पाय सुजलेले असतात, पण चालण्याने हृदयाला, स्नायूंना जो फायदा होतो तो तिला मिळालेला नसतो.

शक्य असेल त्यांनी सहाव्या-सातव्या महिन्यापासून वेचणी सोडावी. पण हजेरी बुडवणं परवडत नाही अशा कितीतरी जणी आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांनी झोळी पूर्ण भरायची वाट पाहू नये, निम्मी झाली की गाठोड्यात रिकामी करावी. तासाला दहा मिनिटं बांधावर सावलीत पाय लांब करून बसावं. खालची बोंडं वेचताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकावं. पाण्याची बाटली गाठोड्याजवळ न ठेवता सोबत ठेवावी, नाहीतर पाणी पिणं राहूनच जातं. गाठोडं मात्र उचलू नये, ते दुसऱ्याने उचलायचं. केळीचा घड आणि पाण्याने भरलेला हंडाही तसाच. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे भांडं धरून पंधरा किलोंच्या वर वजन आणि ते डोक्यावर घेऊन ओल्या पायरीवरून पाय घसरला तर पोटावरच पडायचं.

फवारणी करू नका. शेजारच्या शेतात फवारणी चालू असेल त्या दिवशीही शेतात जाऊ नका. हे व्यायामाबाहेरचं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मग चालायचं कधी? ज्या दिवशी शेतात गेलात त्या दिवशी वेगळं चालायला जाऊ नका. घरी आल्यावर भिंतीला टेकून पाय थोडे वर घ्या. घरी असाल त्या दिवशी अर्धा तास चाला. फक्त स्वयंपाक, धुणी-भांडी असं काम असेल तर ते व्यायामात धरू नका. त्याने दमायला होतं, पण श्वासाचा वेग वाढत नाही.

६. चालताना मध्येच पोट टणक होतं. घाबरायचं की नाही?

सातव्या महिन्यापासून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. गर्भाशय हा स्नायू आहे. प्रसूतीच्या आधीही तो अधूनमधून आवळतो आणि सैल होतो. या सरावाच्या कळा असतात. त्या अनियमित येतात, फारशा दुखत नाहीत आणि विश्रांती घेतली की थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत, त्यांच्यातलं अंतर कमी होत जातं. नुसतं हात लावून हा फरक कळत नाही. वेळ मोजावी लागते.

एक उदाहरण घेऊ. चोपडा तालुक्यातली एक बाई, तिसावा आठवडा. नोव्हेंबर महिना, दुपारभर वेचणी केली, पाणी जेमतेम तांब्याभर प्यायलं, शेतात आडोसा नाही म्हणून लघवी धरून ठेवली. घरी आल्यावर संध्याकाळी नेहमीसारखी चालायला निघाली. पंधरा मिनिटांनी, 6 वाजून 40 मिनिटांनी, बेंबीच्या वरचा भाग एकदम कडक झाला.

तिने तिथेच थांबायचं. घर जवळ असेल तर सावकाश घरी यायचं, नाहीतर ओट्यावर बसायचं. आधी लघवीला जायचं, कारण भरलेल्या मूत्राशयामुळेही गर्भाशय आवळतं. मग दोन पेले पाणी हळूहळू प्यायचं आणि डाव्या कुशीवर आडवं व्हायचं. तळहात बेंबीच्या वर ठेवायचा आणि पोट प्रत्येक वेळी कधी कडक झालं ती वेळ मोबाइलमध्ये किंवा कागदावर लिहायची.

समजा तिने लिहिलं 6:40, 6:55, 7:20 आणि नंतर काहीच नाही. पोट मऊ झालं, दुखत नाही, अंगावरून काही जात नाही, बाळ हलतंय. मग या सरावाच्या कळा होत्या. पाणी कमी, लघवी धरलेली आणि दिवसभराच्या कामावर पुन्हा चालणं, एवढ्या कारणांनी त्या आल्या. रात्री विश्रांती घ्यायची आणि सकाळी आशाताईंना सांगायचं. वेचणीच्या दिवशी चालायला जायचं नाही.

आता समजा लिहिलं 6:40, 6:50, 7:00, 7:10. पडून राहिली, पाणी प्यायली, तरी दर दहा मिनिटांनी पोट कडक होतंय आणि कंबरही दुखतेय. इथे तास पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी तासाभरात चार किंवा जास्त वेळा पोट आवळलं तर ती वेळेआधीची प्रसूती असू शकते आणि लगेच दवाखान्यात जायचं. लवकर पोहोचली तर कळा लांबवण्याचं औषध देता येतं आणि बाळाची फुफ्फुसं तयार होण्यासाठी इंजेक्शनही देता येतं. त्या इंजेक्शनचा पुरता गुण यायला वेळ लागतो, म्हणून इथे एकेक तास मोलाचा आहे.

पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा पोट सैल न होता सलग कडकच राहिलं, तर वेळ मोजत बसू नका. थेट प्रश्न ७.

७. कोणती लक्षणं दिसली की व्यायाम तिथल्या तिथे थांबवायचा?

हे उत्तर घरात सगळ्यांनी वाचावं, कारण त्या वेळी बाईला स्वतःला सुचेलच असं नाही.

अंगावरून रक्त गेलं, थोडं असो की जास्त, थांबा आणि दवाखान्यात जा. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष करू नका. वार खाली असेल तर होणारा रक्तस्राव बहुतेकदा दुखत नाही. उलट, पोट सतत कडक आणि दुखतं आहे पण रक्त मात्र थोडंच दिसतंय, तर वार सुटत असून रक्त आत साचत असण्याची शक्यता असते. ही दोन्ही तातडीची कारणं आहेत.

पाणी गेलं तरी तेच. लघवी की गर्भजल, असा गोंधळ होतो. लघवीला जाऊन या, स्वच्छ कोरडं पॅड किंवा सुती कापड ठेवा, अर्धा तास आडव्या व्हा आणि मग उभ्या राहा. न थांबवता येणारं पाणी पुन्हा आलं आणि त्याला लघवीचा वास नसेल तर ते गर्भजल समजा. शंका उरली तरी जा. पाणी हिरवट किंवा लालसर असेल तर ही परीक्षा करण्यात वेळ घालवू नका.

छातीत दुखणं, छातीत जोरात धडधडणं, चालायला सुरुवात करण्याआधीच दम लागणं, भोवळ येणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणं: खाली बसा, मग कुशीवर आडव्या व्हा. जेवण राहिल्यामुळे किंवा उन्हामुळे आलेली चक्कर सावलीत बसून पाणी आणि काहीतरी खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत जाते. गेली तरी त्या दिवशी पुन्हा चालायला जाऊ नका. गेली नाही, शुद्ध हरपली किंवा छातीत दुखतंय, तर गाडी बोलवा.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे ठिपके किंवा धूसर दिसणं, बरगड्यांच्या खाली उजवीकडे दुखणं, चेहरा आणि हात अचानक सुजणं ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं आहेत. वीस आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 किंवा वर गेला तर ती गंभीर बाब असते आणि झटके येण्यापर्यंत जाऊ शकते. बाम लावून झोपू नका. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रक्तदाब मोजून घ्या.

एका पायाची पिंढरी दुखते, गरम लागते, दुसऱ्यापेक्षा सुजलेली दिसते: शिरेत रक्ताची गाठ झाली असू शकते. आपल्याकडे अशा वेळी पहिली गोष्ट होते ती तेल लावून मालिश. ते अजिबात करू नका, गाठ सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. संध्याकाळी दोन्ही पाय सारखेच सुजतात आणि पाय वर घेतल्यावर उतरतात, ती सूज वेगळी. पायांत अचानक ताकद राहिली नाही, तोल जायला लागला, तरी थांबा.

आणि पोटावर पडलात किंवा पोटाला मार लागला, तर काही दुखत नसलं तरी तपासून घ्या.

८. थोडं चाललं तरी दम लागतो. हे गरोदरपणामुळे की काही वेगळं?

थोडा दम लागणं स्वाभाविक आहे. पण आपल्याकडे दम लागण्यामागे रक्त कमी असणं हे कारण इतकं नेहमीचं आहे, की आधी हिमोग्लोबिन बघावं. गरोदरपणात ते 11 च्या खाली असेल तर रक्त कमी धरतात. 10 ते 10.9 असेल तर गोळ्या नियमित घ्या आणि बेताने चालत राहा. 7 ते 9.9 असेल तर डॉक्टरांना विचारूनच, तेही सावकाश. 7 च्या खाली असेल तर व्यायाम बंद आणि दवाखान्यात उपचार, कारण हृदयावर आधीच फार ताण असतो. तुमचा आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलेला असतो. तो स्वतः वाचा.

नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा बहिणींसाठी आणखी एक गोष्ट. सिकल सेलची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. नुसत्या वाहक असाल तर बेताचं चालणं चालतं, पाणी मात्र भरपूर प्या. आजार असेल तर ऊन, पाण्याची कमतरता आणि दमछाक यांनी सांधे-हाडं ठणकू लागतात, छातीतही त्रास होऊ शकतो. अशा वेळी किती चालायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं. लोहाच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत.

९. योगासनं केली तर चालतात का? कोणती टाळायची?

चालतात. मांडी घालून बसून मान-खांद्यांच्या हालचाली, भिंतीला धरून उभ्याने करायची सोपी आसनं, फुलपाखरासारखे पाय हलवणं, गुडघे-हातांवर येऊन पाठ वर-खाली करणं हे बहुतेक जणींना झेपतं आणि कंबरदुखीला आरामही पडतो.

पोटावर झोपून करायची आसनं, पोट पिळणारी, डोकं खाली पाय वर करायची, तोल जाईल अशी एका पायावरची आसनं टाळा. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरणंही नको. साधं सावकाश श्वसन करा.

साधारण विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर उताणं पडून व्यायाम करू नका. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पाठीच्या कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर येतो, हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं आणि गरगरायला लागतं. शवासनही कुशीवर करा. झोपेत उताण्या झालात म्हणून मात्र घाबरू नका. जाग आली की कुशीवर वळा.

ओटीपोटाखालचे स्नायू आवळून सोडण्याचा व्यायाम कुणालाही न कळता, पोळ्या लाटतानाही करता येतो. लघवी थांबवताना जे स्नायू आवळतात ते पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सैल सोडा, असं दहा वेळा. शिंकताना-खोकताना लघवी सुटते ती याने कमी होते. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका.

१०. सासूबाई म्हणतात, खाली बसून फरशी पुसली की नॉर्मल डिलिव्हरी होते. खरं का?

त्यांचा हेतू चांगला आहे, पण अशी हमी कुठल्याच कामाने मिळत नाही. नियमित व्यायाम करणाऱ्या बायकांत सिझेरियनचं आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण काहीसं कमी दिसतं, इतकं खरं आहे. पण बाळाची स्थिती, वजन, वारेची जागा, आईचा रक्तदाब यांवर बरंच अवलंबून असतं आणि त्यावर फरशी पुसण्याचा इलाज नाही. गुडघे दुखत नसतील, पोट टणक होत नसेल तर थोडा वेळ पुसायला हरकत नाही. जांघेत किंवा जांघेच्या मधल्या हाडात कळ येत असेल तर उकिडवं बसणं सोडा आणि लांब दांड्याचा पोछा वापरा. सिझेरियन झालं तर तुम्ही कामात कमी पडलात असं कुणालाही म्हणू देऊ नका.

११. आखाजीला माहेरी जाते आहे. झोका खेळू का? आणि चैत्रात वणीच्या पदयात्रेला जाऊ का?

आखाजीला माहेरी जावं, गाणी म्हणावीत, सख्यांबरोबर बसावं. पण उंच झोका घेऊ नका. दोर निसटला, पाय घसरला तर पडणं थेट पोटावर किंवा पाठीवर असतं आणि वैशाखाचं ऊन वेगळंच. बंगईवर पाय टेकवून सावकाश झुलायला हरकत नाही.

सप्तशृंगी गडाची पदयात्रा या वर्षी नको. कित्येक दिवस उन्हात, रस्त्याच्या कडेने, पुरेशी झोप नाही आणि दवाखाना लांब, हे गरोदरपणात योग्य नाही. गाडीने जा, गडावर ट्रॉलीची सोय आहे. लग्नात हळू नाचायला चालतं. उड्या, फिरक्या आणि डीजेसमोरची गर्दी टाळा.

१२. सोनोग्राफीत वार खाली आहे म्हणाले. चालणं पूर्ण बंद का?

कितवा आठवडा आहे यावर ठरतं. अठरा-वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत वार खाली दिसणं नेहमीचं आहे. गर्भाशय वाढत जातं तशी बहुतेक जणींची वार वर सरकते. रक्त गेलं नसेल तर तेव्हा घरात सावकाश हिंडण्या-फिरण्यास सहसा मनाई नसते, पण आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या आणि साधारण बत्तिसाव्या आठवड्याला पुन्हा सोनोग्राफी करा. सव्वीस आठवड्यांनंतरही वारेने गर्भाशयाचं तोंड झाकलेलं असेल तर व्यायाम करायचा नाही.

गर्भाशयाचं तोंड लवकर उघडत असेल किंवा टाका घातला असेल, रक्तदाब वाढलेला असेल, वेळेआधी कळा आल्या असतील, पाणी गेलं असेल, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा गंभीर आजार असेल, जुळी असून लवकर प्रसूतीचा धोका असेल, तरीही व्यायाम डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय नको.

“आराम करा” एवढंच ऐकून बायका महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहतात. त्याने स्नायू जातात आणि पायात रक्ताची गाठ व्हायचा धोका वाढतो. म्हणून नेमकं विचारा: जिना चढू का, शेतात जाऊ का, संबंध ठेवू का, घरात हिंडू का? दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे हे प्रश्न लिहून घेऊन जा.

१३. चालून आल्यावर बाळ हलत नाही असं वाटतं. काय करू?

आई चालत असते तेव्हा बाळ बऱ्याचदा शांत असतं, शिवाय आपलंही लक्ष नसतं. अठ्ठावीस आठवडे झाले असतील तर काहीतरी खाऊन डाव्या कुशीवर पडा, मोबाइल बाजूला ठेवा आणि हालचाली मोजा. दोन तासांत दहा जाणवल्या तर ठीक. त्याआधीच दहा झाल्या तर मोजणं थांबवा. झाल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा खूप कमी वाटल्या, तर सकाळपर्यंत थांबू नका.

१४. आम्ही पाड्यावर राहतो. रात्री त्रास झाला तर फोनवर काय सांगायचं?

108 ला फोन करा. गरोदर बाईसाठी 102 ची गाडीही असते. कितवा महिना, काय होतंय, किती वाजल्यापासून, रक्त किंवा पाणी गेलं का, रक्तदाब किंवा रक्ताचा आजार आहे का, हे क्रमाने सांगा. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर कोणत्या फाट्यावर भेटायचं ते ठरवा आणि एक माणूस आधी टॉर्च घेऊन तिथे उभा करा. बाईला चालवत नेऊ नका, खाटेवर किंवा खुर्चीवर कुशीला कलंडवून न्या. माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद एका पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा, म्हणजे अंधारात शोधावे लागणार नाहीत.